शेवटची रांग आणि फोटोची चौकट

डिसेंबर-जानेवारीत महाविद्यालयांमध्ये गॅदरिंगची धांदल सुरू झाली की रंगमंचामागे लावायच्या फ्लेक्सचं डिझाइन साधारण एकाच पद्धतीनं मंजूर होतं. फ्लेक्सवाल्याच्या दुकानात किंवा सांस्कृतिक विभागाच्या खोलीत चार-पाच जण संगणकाभोवती जमतात. एक जण नाव थोडं मोठं करायला सांगतो, दुसरा संस्थापकांचा फोटो वर घ्यायला सांगतो, कुणाला प्रायोजकांचे लोगो ठळक हवे असतात. अर्ध्या तासात सगळ्यांचं समाधान होतं आणि फाइल छपाईला जाते.

त्या पडद्यावर सगळंच वाचता येतं, कारण पाहणारे हातभर अंतरावर असतात आणि मध्ये कुणीही उभं नसतं. प्रत्यक्ष कार्यक्रमात मात्र हा बॅकड्रॉप दोन वेगळ्याच जागांवरून पाहिला जातो. पहिली जागा मैदानातली शेवटची रांग. दुसरी जागा छायाचित्र. बक्षीस घेणाऱ्या मुलीच्या घरी जाणारा फोटो, महाविद्यालयाच्या वार्षिक अंकातला फोटो, नॅकच्या अहवालाला जोडलेला फोटो, या सगळ्यांत हा बॅकड्रॉप पुढची अनेक वर्षं दिसत राहतो. म्हणून छपाईपूर्वी डिझाइन या दोन्ही जागांवरून तपासायला हवं. ही तपासणी कठीण नाही. तिला एक मोजपट्टी, एक ए-थ्री कागद, एक कात्री आणि थोडा गुणाकार लागतो.

अडचण एवढीच की या दोन जागांच्या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. लांबच्या प्रेक्षकाला मोठं आणि उंचावरचं नाव हवं असतं. फोटोच्या चौकटीत मात्र उंचावरचं नाव बहुतेक वेळा येतच नाही. हे का होतं, हे आकड्यांनिशी पाहिलं की डिझाइन कसं असावं ते आपोआप ठरत जातं.

एक नेहमीचा रंगमंच

समजा, मैदानावर मंडप घातला आहे. रंगमंच ४ फूट उंच आणि २० फूट खोल. मागच्या कडेला २४ फूट रुंद आणि १२ फूट उंच फ्लेक्स लाकडी रिपांच्या चौकटीवर ताणून बसवला आहे. शेवटची रांग बॅकड्रॉपपासून १५० फुटांवर. फ्लेक्सवर नेहमीचा मजकूर आहे: सर्वांत वर संस्थेचं आणि महाविद्यालयाचं नाव, मध्यभागी नक्षीदार अक्षरांत ‘वार्षिक स्नेहसंमेलन’, एका बाजूला प्रमुख पाहुण्यांचं नाव आणि फोटो, खाली प्रायोजकांच्या लोगोंची पट्टी. आपल्याला याचीच तपासणी करायची आहे.

१५० फुटांवरून काय दिसतं

डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीवर लावलेला अक्षरांचा तक्ता हर्मन स्नेलन या डच नेत्रतज्ज्ञानं १८६२ साली तयार केला. त्याचं तत्त्व इथंही लागू पडतं. एका अंशाचे ६० भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढ्या कोनात मावणारी रेघ किंवा फट चांगल्या नजरेला जेमतेम वेगळी ओळखू येते. तक्त्यावरचं अक्षर अशा पाच भागांएवढं उंच असतं. १५० फुटांवर हा एक भाग म्हणजे साधारण अर्धा इंच, आणि पाच भाग म्हणजे अडीच इंचांहून थोडं जास्त.

म्हणजे आपल्या मैदानाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या, नजर उत्तम असलेल्या माणसाला अडीच इंची अक्षर प्रयत्नानं ओळखता येईल. पण ओळखणं निराळं आणि सहज वाचणं निराळं. कार्यक्रमाला येणाऱ्या प्रत्येकाची नजर तक्त्यावरच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचत नाही, प्रकाश हलता असतो, समोर डोकी असतात. फलक बनवणारे म्हणूनच एक ढोबळ नियम वापरतात: सहज वाचायचं असेल तर दर १० फूट अंतराला १ इंच उंचीचं अक्षर. १५० फुटांसाठी १५ इंच. साधारण सहा-सात इंचांपर्यंतचं अक्षर लक्ष देऊन वाचता येतं. तीन इंचांच्या खालचं अक्षर शेवटच्या रांगेपुरतं छापलेलंच नाही असं समजावं.

हा नियम रोमन लिपीच्या मोठ्या अक्षरांवर बेतलेला आहे. देवनागरीत दोन गोष्टी जास्त सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे उंची कुठून कुठे मोजायची. ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ या ओळीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, मात्रा आणि अनुस्वार आहेत. दुसऱ्या एखाद्या शब्दात शिरोरेषेखालच्या अक्षराला उकार असेल. संगणकावरचा अक्षरांचा आकार हे सगळं धरून मोजला जातो. त्यामुळे ‘१५ इंची अक्षर घेतलं’ असं कुणी म्हटलं तरी शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचा भाग नऊ-दहा इंचांचाच निघू शकतो. वाचण्यासाठी तो मधला भाग मोजायचा. पूर्ण ओळीला त्याच्या साधारण दीड ते पावणेदोन पट जागा लागते, हेही आधीच धरून चालायचं.

दुसरी गोष्ट अक्षरांच्या पोटातली. ब आणि व, प आणि ष, घ आणि ध यांच्यातला फरक एका छोट्या रेघेचा किंवा फटीचा आहे. ‘स्ने’मधला अर्धा स आणि न यांच्यामधली जागा, ‘र्षि’वरचा रफार, ‘सं’वरचं टिंब हे सगळं याच जातीचं. १५० फुटांवर अर्ध्या इंचाहून लहान फट बुजते, म्हणून सुरक्षित राहायचं तर निदान एक इंच फट हवी. अनुस्वाराचं टिंब दोन इंचांचं असलेलं बरं. जाड, फुगीर, सावली दिलेली, त्रिमितीय केलेली अक्षरं इथेच फसतात. ती जवळून भारदस्त दिसतात, पण त्यांच्या पोटातल्या फटी जाडीनं खाल्लेल्या असतात आणि उरलेली जागा सावली भरून काढते. लांबून ‘षि’चा पोटफोड्या भाग नाहीसा होतो आणि तिथे ‘पि’ वाचला जातो. त्यापेक्षा मध्यम जाडीचं, मोकळ्या पोटाचं, सावली नसलेलं अक्षर लांबून कितीतरी स्वच्छ वाचता येतं.

शेवटची रांग खोलीत आणायची

हे सगळं मोजण्याऐवजी डोळ्यांनी पाहायचं असेल तर एक सोपी युक्ती आहे. शेवटच्या रांगेचं अंतर भागिले बॅकड्रॉपची रुंदी, हा आकडा काढायचा. आपल्या उदाहरणात १५० भागिले २४, म्हणजे सव्वासहा. डिझाइनचं चित्र जेवढं रुंद असेल त्याच्या सव्वासहा पट लांब उभं राहिलं की ते नेमकं तेवढंच दिसतं जेवढा फ्लेक्स शेवटच्या रांगेतून दिसेल.

ए-थ्री कागदावर डिझाइन ३६ सेंटिमीटर रुंद आणि १८ सेंटिमीटर उंच छापून घ्यावं. ते भिंतीला लावून २२५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेसात फूट मागे उभं राहावं. या कागदावर १५ इंची अक्षर जेमतेम दोन सेंटिमीटरांचं भरतं आणि तीन इंची अक्षर चार मिलिमीटरांचं. पडद्यावर ठसठशीत वाटणारे पाहुण्यांचं नाव आणि लोगो इथे पुसट ठिपके होतात.

ही चाचणी कुणावर करायची हे महत्त्वाचं आहे. डिझाइन करणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या मंडळींना मजकूर पाठ असतो. त्यांचे डोळे न दिसलेलं अक्षरही भरून घेतात. म्हणून ज्यानं हे डिझाइन कधीच पाहिलं नाही अशा माणसाला बोलवावं, शक्य तर एखाद्या पन्नाशीतल्या शिक्षकांना किंवा कर्मचाऱ्यांना. कागद दोन-तीन सेकंद दाखवून झाकावा आणि काय वाचलं ते विचारावं. ते ‘काहीतरी संमेलन’ म्हणाले, तर पहिला शब्द नापास झाला.

याच कागदाचा फोटो काढून मोबाइलवर कृष्णधवल करून पाहावा. लाल पार्श्वभूमीवर हिरवं किंवा जांभळ्यावर गडद लाल अशा जोड्या रंगीत असताना उठून दिसतात, पण त्यांचा उजळपणा सारखाच असतो. कृष्णधवल चित्रात त्या एकाच राखाडी छटेत विरून जातात. रंगमंचावर हे मुद्दाम तपासावं लागतं, कारण तिथला प्रकाश पांढरा नसतो. पार लाइट लाल झाले की पांढऱ्या फ्लेक्सवरची लाल अक्षरं पांढऱ्याइतकाच लाल प्रकाश परत फेकतात आणि नाव गायब होतं. रंग कोणताही असो, अक्षर आणि पार्श्वभूमी यांतलं एक अगदी फिकं आणि दुसरं अगदी गडद असलं तरच ते प्रत्येक प्रकाशात टिकतं.

डोक्यांमागचा बॅकड्रॉप

आता फोटोकडे वळू. फोटोग्राफर रंगमंचासमोर जमिनीवर उभा असतो. त्याचा कॅमेरा जमिनीपासून पाच फुटांवर, म्हणजे रंगमंचाच्या फळीपासून फक्त एक फूट वर. बक्षीस घेणारी मुलं फळीवर उभी. त्यांच्या डोक्यांची उंची साडेपाच फूट धरू. कॅमेरा खालून वर पाहत असल्यामुळे डोकी मागच्या बॅकड्रॉपवर त्यांच्या खऱ्या उंचीपेक्षा वर जाऊन पडतात.

किती वर? समजा, मुलं रंगमंचाच्या पुढच्या भागात, बॅकड्रॉपपासून १२ फूट पुढे उभी आहेत आणि फोटोग्राफर त्यांच्यापासून १५ फुटांवर आहे. कॅमेऱ्यापासून डोक्यापर्यंत नजर १५ फुटांत साडेचार फूट चढते. तीच रेघ पुढे १२ फूट वाढवली की आणखी सव्वातीन ते पावणेचार फूट चढते आणि बॅकड्रॉपवर फळीपासून सुमारे ९ फुटांवर जाऊन टेकते. बारा फुटांच्या फ्लेक्सचा नऊ फुटांपर्यंतचा भाग त्या रांगेच्या मागे झाकला गेला. मध्यभागी छापलेलं नाव डोक्यांच्या फटींतून तुकड्यातुकड्यांनी दिसतं.

आता फोटोग्राफर जागेवरच राहू दे आणि मुलांना आठ फूट मागे, बॅकड्रॉपपासून फक्त ४ फुटांवर उभं करू. नजर आता २३ फुटांत साडेचार फूट चढते आणि पुढच्या ४ फुटांत जेमतेम पाऊण फूट. डोकी बॅकड्रॉपवर सव्वासहा फुटांच्या आसपास संपतात. फ्लेक्समध्ये काहीही न बदलता पावणेतीन फूट मोकळे झाले. म्हणून बक्षीस वितरणाची जागा फळीवर चिकटपट्टीनं आखून ठेवणं हा बॅकड्रॉपच्या आराखड्याचाच भाग मानावा.

इथपर्यंत आलं की मनात येतं, मग नाव आठ फुटांच्या वर नेलं की झालं. लांबच्या प्रेक्षकासाठी ते बरोबरच आहे. पण त्याच फोटोची वरची कड कुठे येते ते पाहू. पाच जणांच्या रांगेसाठी फोटोग्राफर साधारण १० फूट रुंदीची चौकट धरतो. कॅमेऱ्याच्या फोटोचं प्रमाण तीनास दोन असतं, म्हणजे चौकटीची उंची पावणेसात फुटांच्या आत. पायांपासून मोजलं तर डोक्यांवर सव्वा फूट जागा उरते. ही वरची कड मागे बॅकड्रॉपवर नेली तर ती पावणेआठ फुटांच्या आसपास लागते. म्हणजे या फोटोत डोक्यांच्या वर बॅकड्रॉपची सव्वासहा ते पावणेआठ फुटांमधली, जेमतेम दीड फुटाची पट्टी दिसणार. आठ फुटांच्या वर नेलेलं मोठं नाव तिच्यात येतच नाही. डोकी सुटतात, पण नावही सुटतं.

माझ्या मते बॅकड्रॉपच्या डिझाइनमधली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच पट्टी आहे आणि ती बहुतेक फ्लेक्सवर रिकामी किंवा नक्षीनं भरलेली असते. नाव दोनदा घ्यावं. एकदा वर, लांबच्या रांगेसाठी मोठं. आणि एकदा या दीड फुटाच्या पट्टीत, फोटोसाठी लहान.

दोन पातळ्यांचं डिझाइन

आपल्या फ्लेक्सवर हे मांडू. फळीपासून ८ ते ११ फुटांच्या पट्ट्यात ‘स्नेहसंमेलन’ हा एकच शब्द, शिरोरेषेपासून पायापर्यंत २२ इंच. मात्रा-अनुस्वार धरून तो साधारण तीन फूट उंची आणि बारा फूट रुंदी घेईल. तो २४ फुटांभर ताणायचा मोह टाळावा. प्रेक्षक मोबाइल उभा धरून चित्रण करतात, आणि उभ्या चौकटीचं प्रमाण नवास सोळा असतं. तिच्यात १२ फूट रुंदीचं नाव घ्यायचं तर उंची साधारण २१ फूट येते, रंगमंच आणि समोरची थोडी डोकी असं दृश्य नीट बसतं. २४ फुटी नाव घ्यायचं तर उंची ४० फुटांच्या वर जाते आणि चौकट मंडपाच्या छतानं आणि गर्दीनं भरते.

सर्वांत वरचा एक फूट मोकळा ठेवण्यालाही कारण आहे. मंडपवाले रंगमंचाच्या दर्शनी कडेला झालर लावतात. ती फळीपासून १० फुटांवर लोंबत असेल, तर शेवटच्या रांगेतून पाहणाऱ्याला बॅकड्रॉपचा साडेअकरा फुटांच्या वरचा भाग झालरीमागे जातो. पुढच्या रांगेतून तो भाग दिसतो, त्यामुळे पुढे उभं राहून पाहणाऱ्या आयोजकांच्या हे लक्षात येत नाही. संस्थेचं नाव सर्वांत वर अगदी कडेला छापण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि नेमकं तेच झालरीखाली जातं.

साडेसहा ते साडेसात फुटांच्या पट्ट्यात, मधल्या दहा फुटांच्या आत, ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ आणि वर्ष एका साध्या ओळीत, अक्षर ८ इंची. बक्षिसाच्या फोटोत बॅकड्रॉपची सुमारे पावणेबारा फूट रुंदी मावते, म्हणून ही ओळ दोन्ही बाजूंनी पूर्ण येते. तो फोटो मोबाइलवर उभ्या पडद्यात पाहिला तरी अक्षर साडेतीन मिलिमीटरांच्या वर राहतं, म्हणजे वर्तमानपत्राच्या मजकुराहून मोठं. उंच मुलांची डोकी या ओळीत घुसू शकतात, म्हणून त्यांना रांगेच्या टोकांना उभं करावं.

लोगोंची पट्टी तळाला असते तिथे टेबल, समई, फुलांची आरास आणि माणसांचे पाय येतात. शिवाय दोन इंची अक्षरांचा लोगो या फोटोत मोबाइलवर एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. प्रायोजकाला फोटोत दिसायचंच असेल तर आठ लहान लोगोंऐवजी एक-दोन मोठे, चेहऱ्यांच्या उंचीला आणि मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना हवेत. बाकीच्यांना प्रवेशद्वारावरची कमान जास्त उपयोगी पडते. प्रमुख पाहुण्यांचं नाव निवेदक उच्चारतो, पत्रिकेत ते असतं. त्यासाठी बॅकड्रॉपवरची जागा खर्च करायची का, हे शेवटच्या रांगेच्या चाचणीनंतर ठरवावं.

पोडियमच्या मागे काय येतं

भाषणाचा फोटो वेगळ्या कारणानं बिघडतो. पोडियम रंगमंचाच्या कडेला, समजा मध्यापासून १० फुटांवर आणि बॅकड्रॉपपासून ८ फूट पुढे ठेवतात. फोटोग्राफर मधल्या वाटेत, वक्त्यापासून २५ फूट मागे उभा. तो तिरपा पाहतो, त्यामुळे वक्त्याच्या मागची रेघ आणखी बाहेर सरकते आणि बॅकड्रॉपच्या पातळीवर मध्यापासून सव्वातेरा फुटांवर पोचते. फ्लेक्स मध्यापासून १२ फुटांवर संपतो. म्हणून वक्त्याच्या डोक्यामागे फ्लेक्सची कड, रिपा, सुतळी आणि विंगेतले पाइप येतात. बॅकड्रॉप कितीही सुंदर असला तरी भाषणाच्या एकाही फोटोत तो नसतो.

पोडियम तीन फूट आत, मध्यापासून ७ फुटांवर आणला की वक्त्यामागची जागा सव्वानऊ फुटांवर येते आणि पूर्ण फ्लेक्सवर बसते. अर्ध्या अंगाच्या फोटोत इथे बॅकड्रॉपचा फक्त साडेसहा फुटांचा तुकडा दिसतो. म्हणून महाविद्यालयाचं बोधचिन्ह आणि छोटं नाव मध्यापासून ७ फुटांच्या आसपास, साडेसहा-सात फूट उंचीवर ठेवावं. ते वक्त्याच्या डोक्याशेजारी, मोकळ्या बाजूला दिसेल. मागे बारीक जाळी, फुलापानांची दाट नक्षी किंवा उभ्या रेघा नसाव्यात. डोक्याला लागून काहीतरी उगवल्यासारखं दिसतं आणि चेहऱ्यावरची नजर हलते.

चेहऱ्यांच्या पट्ट्यातला रंग मध्यम गडद असावा. फ्लेक्स पांढराशुभ्र असेल तर कॅमेरा त्या उजेडाला जुळवून घेतो आणि चेहरे काळवंडतात. मोबाइलवर हे जास्त होतं. अगदी काळा असेल तर काळे केस त्यात मिसळून डोक्याची कड हरवते. गडद निळा, गर्द हिरवा, विटकरी असे रंग दोन्ही संकटांतून वाचवतात.

कागदाची खिडकी

फोटोची ही तपासणीही त्याच ए-थ्री कागदावर होते. त्यावर एक फूट म्हणजे दीड सेंटिमीटर. जाड कागदात दोन खिडक्या कापायच्या: बक्षिसाच्या फोटोसाठी साडेसतरा बाय पावणेबारा सेंटिमीटर, भाषणाच्या फोटोसाठी १० बाय साडेसहा. माणसांचे पाच तुकडे कापायचे, प्रत्येक साडेनऊ सेंटिमीटर उंच आणि अडीच रुंद. तुकडे फळीच्या रेघेवर ठेवून खिडकी फिरवायची, वरची कड पावणेआठ फुटांच्या खुणेवर.

प्रत्येक जागी तीन प्रश्न. नाव पूर्ण दिसतं का? कुठे अक्षर असं कापलं जातं का की उरलेल्या तुकड्याचा भलताच शब्द होतो? ‘स्नेहसंमेलन’चा ‘मेल’ एवढाच भाग खिडकीत आला तर फोटोत तेच छापलं जाईल. आणि कुणाच्या डोक्यावर बाण, टोक, किरण असं काही येतं का? दहा मिनिटांत हे सगळं कळतं आणि फाइलमध्ये बदल करायला काही खर्च येत नाही. छापलेला २८८ चौरस फुटांचा फ्लेक्स मात्र बदलता येत नाही.

बसवल्यानंतर

फ्लेक्स लागल्यावर, शक्यतो आदल्या संध्याकाळी, प्रकाश लावून एकदा पाहावं. दोन स्वयंसेवक चिकटपट्टीच्या खुणेवर उभे करून मधल्या वाटेतून एक फोटो, आणि शेवटच्या खुर्चीत बसून झूम न करता एक फोटो. उभं राहून नाही, बसूनच. फ्लेक्सची चकाकी इथेच दिसते. प्रेक्षकांमधल्या खांबावर लांब लावलेला दिवा चकचकीत फ्लेक्सवरून परतून मागच्या रांगांच्या डोळ्यांत जातो आणि नावावर पांढरा डाग पडतो. दिवा रंगमंचाजवळून आणि जास्त उंचावरून टाकला की परतणारा झोत फळीवरच पडतो. फोटोग्राफरचा फ्लॅशही समोरून असाच उसळतो, म्हणून छापतानाच मॅट फ्लेक्स मागावा. वरच्या नावावर दोन साधे पांढरे दिवे कायम ठेवावेत, नृत्याचे रंगीत दिवे बदलत राहिले तरी ते बदलू नयेत.

एलईडी वॉल असेल तरी उंचीचं हेच गणित लागू होतं. तिथे जास्तीची काळजी तेजाची. वॉल पूर्ण तेजानं चालवली तर फोटोत माणसं सावल्या होतात, म्हणून तालमीच्या वेळीच तेज कमी करून घ्यावं. आणि चित्रफिती बदलत असल्या तरी चेहऱ्यांच्या वरची नावाची ओळ प्रत्येक फितीत तिथेच हवी.

या पद्धतीला मर्यादा आहेत. बॅकड्रॉप फक्त ८ फूट उंच असेल तर दोन पातळ्या बसत नाहीत. तेव्हा बक्षीस वितरण जास्त असेल तर फोटोची ओळ, आणि रात्रभर नाटकं-गाणी असतील तर मोठं नाव निवडावं. शेवटच्या गाण्याला मधल्या रांगा उठून उभ्या राहिल्या की बसलेल्यांना काहीच दिसत नाही, त्याला कोणतंही डिझाइन पुरत नाही. आणि ६० फूट खोलीच्या बंदिस्त सभागृहात सगळे आकडे बदलतात: सव्वासहा पटीच्या जागी अडीच पट, १५ इंची अक्षराच्या जागी ६ इंची. तिथे लांबून वाचण्याचा प्रश्न सौम्य होतो आणि फोटोच्या चौकटीचा प्रश्न तेवढाच राहतो.

म्हणून फ्लेक्सवाल्याकडे जाण्याआधी चार मापं कागदावर लिहून न्यावीत: शेवटच्या रांगेचं अंतर, फळीची उंची, बक्षीस वितरणाच्या खुणेचं बॅकड्रॉपपासूनचं अंतर आणि पोडियमची जागा. ही मापं मंडपवाल्याला माहीत असतात, डिझाइन करणाऱ्याला नसतात आणि दोघांची भेट सहसा फ्लेक्स टांगला जातो तेव्हाच होते. ती भेट आठवडाभर आधी घडवून आणणं हे सांस्कृतिक समितीचं काम आहे.